यूच्या काठीबद्दलचं बदललेलं मत

इंग्लंडचा लाँगबो म्हणजे नीट तासलेली काठी आणि तुर्कांचं शिंग-शिरांचं धनुष्य म्हणजे खरी अभियांत्रिकी, असं मी बरीच वर्षं वर्गात सांगत आलो. पदार्थांची ताकद हा माझा शिकवण्याचा विषय. धनुष्य हा त्यातला मुलांना हमखास जागं करणारा भाग, त्यामुळे हे विधान मी दरवर्षी ठासून करत असे. आज ते मी तसंच्या तसं करणार नाही. का, ते सविस्तर सांगतो. कारण मत बदललं ते नवा शोध लागल्यामुळे नाही. माझ्याच हातातले आकडे मी नीट वाचले, एवढंच.

आधी माझी जुनी बाजू मांडतो. जे. ई. गॉर्डन यांचं ‘स्ट्रक्चर्स’ हे 1978 सालचं पुस्तक आमच्या क्षेत्रात अजूनही आवडीनं वाचलं जातं. त्यात एक छोटा तक्ता आहे: कोणता पदार्थ ताणून सोडला तर तो स्वतःच्या दर किलोमागे किती ऊर्जा साठवून परत देऊ शकतो. आधुनिक स्प्रिंगचं पोलाद सुमारे 130 ज्यूल, यूचं लाकूड 900, शिंग 1500 आणि प्राण्यांच्या कंडरा, म्हणजे घोटशिरेसारख्या शिरा, 2500. हा तक्ता फळ्यावर लिहिला की निकाल लागल्यासारखा वाटे. यूच्या एका दांडक्यातून लाँगबो होतो. तुर्की धनुष्यात पाठीला शिरा, पोटाला म्हशीचं शिंग आणि मधे मेपलच्या लाकडाची पातळ पट्टी. म्हणजे ताण सोसायच्या बाजूला तक्त्यातला पहिला नंबर, दाब सोसायच्या बाजूला दुसरा. लाकूड तिसरं. मग वाद कसला?

पुराव्याला मी मेहमूद एफेंदींची गोष्ट सांगायचो. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये तुर्की वकिलातीत ते चिटणीस होते. तिथल्या धनुर्विद्येच्या मंडळातल्या सभासदांसमोर त्यांनी तुर्की धनुष्यानं बाण सोडला, तो सुमारे 480 यार्ड गेला. बघणारे थक्क झाले, कारण त्यांच्या लाँगबोचे बाण त्याच्या आसपासही पोचत नव्हते. गोष्ट खरी आहे. तिच्यातून मी काढत होतो तो निष्कर्ष मात्र अपुरा होता.

शंका आली ती एका साध्या प्रश्नावरून. धनुष्यात ऊर्जा येते कुठून? धनुष्य स्वतः काहीच निर्माण करत नाही. ओढणाऱ्याच्या पाठीनं आणि खांद्यानं जेवढं काम केलं, तेवढंच त्यात साठतं. समजा माणूस शेवटाला 100 पाउंड, म्हणजे साधारण 445 न्यूटन, इतकी ओढ पेलू शकतो आणि दोरी तिच्या विश्रांतीच्या जागेपासून 22 इंच, म्हणजे 56 सेंटिमीटर, मागे आणतो. ओढ शून्यापासून शंभरापर्यंत सरळ रेषेत वाढत गेली तर साठलेली ऊर्जा त्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ: सुमारे 125 ज्यूल. धनुष्य यूचं असो, शिंगाचं असो, पोलादाचं असो, तोच माणूस आणि तीच रेषा असेल तर आकडा 125च. शिरा किलोमागे 2500 ज्यूल साठवू शकतात, यानं या 125मध्ये एकाही ज्यूलची भर पडत नाही. तक्ता पदार्थाची कमाल मर्यादा सांगतो. धनुष्यातली ऊर्जा माणूस आणि ओढीची रेषा मिळून ठरवतात. मी या दोन गोष्टी एकच समजून चाललो होतो.

म्हणजे तक्ता निरर्थक का? नाही. पण तो उत्तर देतो ते दुसऱ्याच प्रश्नाचं: या 125 ज्यूल साठवायला किती पदार्थ लागेल, आणि तो किती लांब पसरावा लागेल? हा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा दोन्ही धनुष्यांकडे बघण्याची माझी दृष्टीच फिरली. तो इथे थोडक्यात मांडतो.

कोणतीही काठी वाकवली की तिची बाहेरची बाजू, जिला धनुष्याची पाठ म्हणतात, ती ताणली जाते. आतली बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. आणि मधल्या थरावर काहीच येत नाही. त्यामुळे 900 ज्यूलचा दर फक्त पृष्ठभागावरच्या लाकडाला लागू. गोलसर छेदाच्या काठीत सगळ्या लाकडाचा सरासरी दर त्याच्या चौथाईवर येतो, म्हणजे किलोमागे 225. शंभर पाउंडांचा लाँगबो साधारण 800 ग्रॅमचा धरू. त्याची कमाल झेप झाली 180 ज्यूल. त्यात मुठीजवळचं लाकूड फारसं वाकत नाही, दोन्ही टोकांवर ताण कमी असतो, आणि दोरी चढवतानाच काही ऊर्जा धनुष्यात जाऊन बसलेली असते. या सगळ्या वजावटीनंतर 125 ज्यूल घालायला जेमतेम जागा उरते. पूर्ण ओढलेलं धनुष्य म्हणजे दहातले नऊ हिस्से मोडलेलंच, अशा अर्थाची जुन्या इंग्लिश धनुष्यकारांची म्हण मी अतिशयोक्ती समजत होतो. ती जवळजवळ हिशेबाची ओळ निघाली.

आता त्याच यूच्या लाकडाचं 400 ग्रॅमचं धनुष्य करा. कमाल मर्यादा 90 ज्यूल. माणूस 125 घालायला जाईल आणि धनुष्य मोडेल. शंभर पाउंडांची तुर्की धनुष्यं मात्र साधारण याच वजनाची असतात आणि मोडत नाहीत. शिंगाशिरांची खरी देणगी ही आहे: तेवढीच ऊर्जा निम्म्या वजनात मावते.

तक्त्यातल्या त्या 2500बद्दलही एक खुलासा करायला हवा, कारण तो मी वर्गात कधीच केला नव्हता. तो आकडा ओल्या, जिवंत कंडरेचा आहे. पळणाऱ्या जनावराच्या पायात ती 8 टक्क्यांपर्यंत ताणली जाते. धनुष्यावरची शीर तशी नसते. ती वाळवलेली, ठेचून धागे केलेली आणि सरसात भिजवून बसवलेली असते. ती ओल्या शिरेपेक्षा ताठ असते आणि ताकदही जास्त धरते, पण 8 टक्के ताणली जात नाही आणि जाऊही देत नाहीत. त्यामुळे पायातला आकडा उचलून धनुष्याला लावणं बरोबर नव्हतं. शिरा लाकडाच्या कितीतरी पुढे आहेत, हा क्रम मात्र कायम राहतो.

लांबीचा प्रश्न याच्याच पोटातला. वाकवलेल्या पट्टीच्या पृष्ठभागावर किती टक्के ताण येतो, याचं सूत्र सोपं आहे: निम्मी जाडी भागिले वाकण्याची त्रिज्या. लाँगबोची जाडी 30 मिलिमीटर धरली आणि यूला 1 टक्क्याच्या आत ठेवायचं ठरवलं, तर दीड मीटरपेक्षा लहान त्रिज्येत तो वाकवताच येत नाही. इतक्या मंद वळणानं, मुठीपासून मोजून, 28-30 इंच ओढ मिळवायची तर धनुष्य माणसाएवढं लांब हवं. ‘मेरी रोझ’ हे इंग्लिश युद्धनौकेचं नाव. 1545मध्ये ती सोलंटच्या सामुद्रधुनीत बुडाली आणि 1982मध्ये तिचा सांगाडा वर काढला. तिच्यात मिळालेले लाँगबो 1.87 ते 2.11 मीटर लांब आहेत. ती लांबी हौसेची नव्हती, यूच्या त्या एका टक्क्यानं ठरवलेली होती.

उलट तुर्की धनुष्य दोरीशिवाय उलट्या बाजूला, जवळजवळ कंसासारखं, वळलेलं असतं. ते आधी सरळ होतं, मग दोरीनं उलटं वाकतं, मग ओढीनं आणखी वाकतं, आणि सगळी लांबी जेमतेम 110 सेंटिमीटर. बाहूची जाडी 12 मिलिमीटर आणि वळणाची त्रिज्या 20 सेंटिमीटर धरली तर पृष्ठभागावर 3 टक्के येतात. यूला हे शक्य नाही. शिंग आणि वाळलेली शीर हे सोसतात. घोड्यावर बसून डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना फिरवता येईल इतकं छोटं धनुष्य हवं असेल, तर मग एकट्या लाकडाचा काही इलाजच नाही.

लाकडाची ही मर्यादा मी स्वतःच्या हातात अनुभवली आहे. लाकडाच्याच छोट्या धनुष्याला जास्त ओढ द्यायचा हट्ट मी एकदा केला. ते मोडलं नाही, म्हणून मी खूश होतो. दोरी उतरवून उन्हात धरलं, तेव्हा पोटावर आडव्या, केसाएवढ्या बारीक रेघा दिसल्या, जशा दाबलेल्या पुठ्ठ्याला पडतात. नखानं चाचपलं तर त्या जागी लाकूड किंचित उंचावलेलं लागत होतं. दाबाखाली आतले तंतू चुरगळले होते. पुढच्या काही ओढींत त्या जागी बाहू बिजागरासारखा वाकायला लागला आणि दोरी उतरवली तरी धनुष्य सरळ होईना. लाकूड ताण बराच सोसतं, दाब त्या मानानं कमी. त्यामुळे काठीच्या धनुष्यात पोट आधी हार मानतं. तडकन पाठ फुटणं नाटकी असतं म्हणून लक्षात राहतं, पण बहुतेक धनुष्यं अशी हळूहळू पोटातून जातात.

तोपर्यंत मी सगळं श्रेय शिरांना देत होतो, कारण तक्त्यात त्या वर होत्या. खरं तर ज्या बाजूला लाकूड सर्वांत दुबळं, तिथे शिंग बसवलेलं असतं. शिंग खूप दाबलं तरी चुरगळत नाही आणि सोडल्यावर मूळ लांबीवर परत येतं. शिरांची कामगिरी वेगळी आहे. धनुष्यकार वाळलेल्या घोटशिरा हातोडीनं ठेचतो, पांढरे धागे सुटले की विंचरतो, सरसात बुडवून पाठीवर थर चढवतो. सरस स्वतःही कातड्या-शिरांतूनच कढवलेला, त्यामुळे तो धाग्यांशी एकजीव होतो. वाळताना हा सगळा थर आकसतो आणि बाहूंना पाठीकडे खेचतो. म्हणजे दोरी चढायच्या आधीच धनुष्यात ताण भरलेला असतो. याचा फायदा पुन्हा ओढीच्या रेषेत दिसतो, आणि माझ्या जुन्या मतातला जो भाग आजही शाबूत आहे, तो इथेच.

सरळ काठीच्या धनुष्याला काटा लावून दर दोन इंचांना ओढ टिपत गेलं तर आलेख बराचसा सरळ येतो, शेवटी थोडा चढाच होतो. अर्ध्या ओढीला निम्मं वजन. उलट वळणाच्या धनुष्याचा आलेख सुरुवातीला झपाट्यानं चढतो आणि मग सपाट होत जातो. अर्ध्या ओढीलाच सहा दशांशाच्या आसपास वजन येतं. शेवटचा आकडा तोच, 100 पाउंड. पण रेषा फुगीर असल्यामुळे तिच्याखालचं क्षेत्रफळ जास्त. 125 ऐवजी 140 ज्यूल धरायला हरकत नाही. माणसाला शेवटी तेवढंच जड लागतं आणि बाणाच्या वाट्याला दहाबारा टक्के जास्त येतं. हा फायदा खरा आहे. पण तो दुप्पट-तिप्पट नाही, आणि तो शिरांच्या 2500मधून थेट आलेला नाही. आकारातून आलेला आहे. त्या पदार्थांनी तो आकार शक्य केला.

दुसरा फायदा हलक्या बाहूंचा. दोरी सुटली की साठलेली ऊर्जा फक्त बाणाला मिळत नाही. बाहूंनाही धावावं लागतं आणि त्यांच्या वाट्याची ऊर्जा बाण गेल्यावर हातात झटक्यासारखी येते. पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांनी 1934मध्ये तुर्की धनुर्विद्येवर पुस्तक लिहिलं. बाहूंच्या या वाट्याला त्यांनी आभासी वस्तुमान मानलं: जणू बाणाला काही ग्रॅमचं ओझं बांधलेलं आहे आणि दोघं एकाच वेगानं निघतात. लाँगबोसाठी हे ओझं 30 ग्रॅम धरू, तुर्की धनुष्यासाठी 20. मेहमूद एफेंदींची गोष्ट आता वेगळी दिसायला लागते.

दूरवर टाकायचा तुर्की बाण अत्यंत हलका असे. आपण 20 ग्रॅमचा धरू. तो आखूडही असे, इतका की त्याचं टोक मुठीच्या आत यावं. म्हणून धनुष्याच्या हातावर ‘सिपर’ नावाची खाचेची पट्टी बांधून बाण तिच्यावर सरकवत. या 20 ग्रॅमच्या बाणाला लाँगबोच्या 125 ज्यूलपैकी 50 मिळतात, म्हणजे पाचातले दोन. उरलेले तीन हिस्से बाहू खातात. तुर्की धनुष्याच्या 140पैकी 70 मिळतात. वेग सेकंदाला 71 मीटर विरुद्ध 84. हा फरक डोळ्यांत भरणारा आहे.

आता दोन्ही धनुष्यांवर 90 ग्रॅमचा जड युद्धबाण ठेवा. लाँगबोच्या 125पैकी 94 ज्यूल बाणाला, तुर्कीच्या 140पैकी 115. वेग 46 विरुद्ध 50 किंवा 51. फरक आहे, पण अठरा टक्क्यांचा दहावर आला. बाण जितका जड, तितकं बाहूंचं ओझं नगण्य, आणि हलक्या बाहूंचा फायदा तितका कमी. चिलखतावर सोडायचा बाण जडच असतो. म्हणजे एफेंदींच्या बाणावरून मी ज्या लढायांबद्दल बोलत होतो, त्या लढायांत तो बाण कधी वापरलाच जात नव्हता. लांब पल्ला ही हलक्या बाणाची स्पर्धा होती. तिथे शिंगाचं धनुष्य निर्विवाद पुढे. जड बाणाच्या बाबतीत ते थोडं पुढे, आणि तो थोडा फरक लाँगबोवाल्याला 120-125 पाउंडांची काठी ओढून भरून काढता येतो.

आणि तो तेच करत होता. ‘मेरी रोझ’वरच्या धनुष्यांची ओढ अभ्यासकांनी ढोबळमानानं 100 ते 185 पाउंडांच्या दरम्यान धरली आहे. आज हौशी धनुर्धाऱ्याला 50 पाउंड पुरतात. त्याच जहाजावरच्या खलाशी-सैनिकांच्या हाडांत खांद्याच्या टोकाचं एक हाड न जुळलेलं राहिल्याचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त आढळलं. लहानपणापासून जड धनुष्य ओढल्यामुळे असं झालं असावं, असं स्पष्टीकरण अभ्यासकांनी दिलं आहे. लाकडाची उणीव खांद्यानं भरून काढली, असा त्याचा अर्थ मी घेतो. तुर्कांनी तीच किंमत दुसरीकडे मोजली: एक धनुष्य तयार व्हायला, मधल्या वाळण्या-मुरण्यासकट, वर्ष किंवा त्याहून जास्त लागे. वाळलेलं, चांगल्या जातीचं यूचं लाकूड हातात असेल तर कसबी इंग्लिश धनुष्यकार तेवढ्या काळात कितीतरी लाँगबो करून देई.

‘चांगल्या जातीचं’ हे शब्द मी आता मुद्दाम घालतो. काठी म्हणून मी ज्याला हिणवत होतो, त्यातही दोन थर आहेत. यूच्या खोडात सालीलगतचं लाकूड पांढुरकं आणि गाभ्याचं तांबूस. धनुष्यकार दोन्ही एकाच तुकड्यात ठेवतो: पांढरं पाठीला, कारण ते ताण सोसतं; तांबडं पोटाला, कारण ते इतर लाकडांपेक्षा दाब चांगला सोसतं. पाठीवरचे तंतू कुठे कापले जाऊ नयेत म्हणून गाठीभोवती लाकडाचा उंचवटा तसाच ठेवतात. सरळ रंधा मारला तर त्या जागी फुटतं. म्हणजे शिंग-शिरांच्या धनुष्यात माणसानं सरसानं जे जमवलं, त्याची फिकी आवृत्ती या झाडात आधीच होती. इंग्लंडला ते लाकूड पुरेना, म्हणून 1472मध्ये कायदा झाला: परदेशी माल घेऊन येणाऱ्या जहाजानं दर टन मालामागे धनुष्याची चार दांडकी आणलीच पाहिजेत. कुठल्याही काठीनं भागत असतं तर राजाला हा खटाटोप करावा लागला नसता.

हवेचा मुद्दाही मी पूर्वी तळटीपेसारखा सांगायचो. सरस पाण्याचा शत्रू आहे. दमट हवेत शिरांचा थर मऊ पडतो, ओढ उतरते. आणखी भिजला तर शिंग लाकडापासून सुटायला लागतं. पोटावर हलकेच टिचकी मारत गेलं की सुटलेल्या जागी आवाज पोकळ येतो. म्हणून तुर्क धनुर्धारी नेमापूर्वी धनुष्य उबदार पेटीत ठेवत. लाँगबोला मेण आणि तेल पुरे.

आपल्या देशानं या अडचणीवर काढलेला तोडगा माझ्या जुन्या तक्त्याची खरी परीक्षा घेतो. हिंदुस्थानात शिंगाची धनुष्यं होतीच, पण त्याच आकाराची अख्ख्या पोलादाचीही घडवली जात, आणि ती आज अनेक शस्त्रसंग्रहांत आहेत. पोलाद म्हणजे तक्त्यात तळाला, किलोमागे 130 ज्यूल. तेवढीच ऊर्जा साठवायची तर बाहू जड होणार, जड बाहू आळशी होणार आणि बाणाच्या वाट्याला कमी येणार. हे सगळं खरं आहे. तरीही लोहारांनी ती केली आणि सरदारांनी घेतली. कारण पोलादाचं धनुष्य चार पावसाळे कोठारात टांगून ठेवलं आणि शत्रू दारात आला की दोरी चढवली, एवढ्यावर भागत होतं. सरसाला हे जमत नाही. फक्त किलोमागच्या ज्यूलवर निवड होत असती, तर हे धनुष्य कधी जन्मालाच आलं नसतं.

बी. डब्ल्यू. कूई या डच गणितज्ञांनी 1983मध्ये ग्रोनिंगन विद्यापीठात धनुष्य-बाणाच्या यांत्रिकीवर प्रबंध लिहिला आणि पुढेही वेगवेगळ्या आकारांच्या धनुष्यांची गणितं मांडली. त्यांच्या कामातली एक गोष्ट मला पटायला वेळ लागला: तुर्की वळणाचं धनुष्य ऊर्जा जास्त साठवतं, पण त्याच्या ताठ, न वाकणाऱ्या टोकांचं वजन ऊर्जा परत देताना आड येतं. बाहूंचं वजन, ओढ आणि बाण सारखे ठेवले, तर निव्वळ आकारानं बाणाच्या वेगात फार मोठा फरक पडत नाही. फरक पडतो तो शिंगाशिरांनी बाहू प्रत्यक्षात हलके करता येतात म्हणून. पदार्थ आणि आकार हे दोन दावे मी एकाच दमात करत होतो. कूईंच्या गणितानं ते सुटे केले.

मग आता माझं मत काय? सारख्या ओढीला शिंग-शिरांचं धनुष्य यूच्या काठीपेक्षा बाणाला जास्त देतं, हे मी आजही म्हणतो. ते निम्म्या वजनात आणि जवळजवळ निम्म्या लांबीत बसतं, हेही म्हणतो, आणि त्याचं पूर्ण श्रेय त्या पदार्थांना देतो. वर्गात त्याला मी लावत आलेला ‘शक्तिशाली’ हा शब्द मात्र मागे घेतला आहे. शक्ती माणसाची असते. हलका बाण दूर न्यायचा असेल किंवा खोगिरावरून नेम धरायचा असेल, तर शिंगाशिवाय पर्याय नाही. जमिनीवर पाय रोवून, पावसाळी प्रदेशात, शेकडो माणसांना एकाच मोसमात धनुष्यं पुरवून जड बाण सोडायचे असतील, तर यूची लांब काठी ही कमअस्सल नक्कल नव्हे. त्या परिस्थितीत मीसुद्धा तीच मागवली असती.